बनुबाईची सरळ झालेली नाडी

शेवगावच्या बसस्टँडमागे जो छोटा दवाखाना आहे, तिथे डॉक्टर कोण हे लोकांना मधे एकदा बदलून सांगावं लागलं, पण कंपाउंडर कोण हे कुणी विचारलं नाही. छत्तीस वर्षं तिथे यज्ञेश्वर पाठकच आहे. नंबर तोच लावतो, सलाइन तोच लावतो, ईसीजीची पट्टी तोच काढतो, आणि रडणाऱ्या पोराला दटावून सुईही तोच टोचतो. वडील भिक्षुकी करायचे. त्यांनी पोराला बीएस्सीला घातलं, पोराने पहिल्याच वर्षी फिजिक्समध्ये गटांगळी खाल्ली, आणि पाच-सहा वर्षं इकडेतिकडे गेल्यावर हा दवाखाना काढणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. बाप लोकांच्या घरी मंत्र सांगायचा, पोरगा गोळ्या सांगू लागला. लोक दोघांवरही सारखाच विश्वास ठेवायचे, आणि दोघांनाही मधूनमधून त्याचा मोह व्हायचा.

आता एकसष्टावं सरलं होतं. गुडघे बोलायला लागले होते. शाळेतून निवृत्त झालेली बायको इंदू रोज सकाळी डबा देताना म्हणायची, "पुरे की आता." तो रोज म्हणायचा, "दिवाळीपर्यंत बघू." अशा किती दिवाळ्या गेल्या त्याचा हिशोब इंदूनेच सोडून दिला होता.

सगळ्यात जास्त दमवायचा तो फोन. सुया टोचून माणूस इतका थकत नाही जितका फोनवर बोलून थकतो. आसपासच्या तीस-चाळीस वाड्यावस्त्यांत यज्ञेश्वरचा नंबर होता. शुगर वाढली, पाय सुजले, गोळी संपली, गोळीचा रंग बदलला, की फोन. मोठे डॉक्टर होते तोवर तो त्यांच्याच नावाने बेधडक उत्तरं द्यायचा, आणि शंभरातली नव्व्याण्णव बरोबर यायची, हेही खरं. मोठे डॉक्टर गेले. त्यांची पुतणी डॉक्टर यामिनी आली. तिने पहिल्याच महिन्यात एक वही आणून टेबलावर ठेवली. "पाठककाका, फोनवर डोस सांगायचा नाही. निरोप इथे लिहा, मी बघून सांगते." यज्ञेश्वरने दोन महिने वही इमानेइतबारे भरली. मग एकदा राहिलं, मग दोनदा राहिलं. वहीत लिहायचं, मॅडम मोकळ्या व्हायची वाट बघायची, परत फोन लावायचा, तिकडे रेंज नाही. त्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं. जे आपल्याला पाठ आहे त्यासाठी कशाला विचारायचं, असं त्याच्या मनाने घेतलं.

बनुबाई त्याची जुनी पेशंट. शेवगावपासून आठ-दहा किलोमीटरवर वस्ती, कपाशी-तुरीची शेती, एकुलता एक मुलगा छगन. लहानपणी तिला सांधे धरणारा ताप आला होता, आणि त्या तापाने जाता जाता हृदयाची एक झडप खराब करून ठेवली. पुढे त्या अरुंद झडपेमागे रक्त तुंबून हृदयाचा वरचा कप्पा फुगला आणि त्याची लयच गेली. वरचा कप्पा नुसता थरथरतो, खाली वाटेल तितके इशारे पाठवतो, आणि खालचा कप्पा ते झेलता झेलता मेटाकुटीला येतो. अठरा वर्षांपूर्वी ती आली तेव्हा तिची नाडी दीडशेच्या वर धावत होती, पायावर बोट दाबलं तर खड्डा पडत होता आणि तिला आडवं झोपता येत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी तिला डिगॉक्सिन सुरू केलं, रक्त पातळ ठेवण्याची गोळी दिली, आणि अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी दिली. या पाण्याच्या गोळीने लघवीतून पोटॅशियमही जातं, ते भरून काढायला पोटॅशियमचं पातळ औषध. झडपेचं ऑपरेशन करा असंही सांगितलं होतं, पण छातीला कात्री लावून घ्यायला बनुबाई तयार झाली नाही.

डिगॉक्सिनची गोळी एवढीशी, पण तिचा रुबाब मोठा. आठवड्यातले पाच दिवस घ्यायची, शनिवार-रविवार सुट्टी, अशी जुनी पद्धत. यज्ञेश्वर दर महिन्याला पट्टी कापून पाच-पाचचे तुकडे करून द्यायचा आणि म्हणायचा, "बनूताई, ही सरकारी गोळी आहे, शनिवार-रविवार कामावर येत नाही." बनुबाई दर महिन्याला तेवढीच हसायची. मग तो तिची नाडी बघायचा. नाडी ऐंशीच्या घरात यायची, पण तिचा ताल कधी जुळायचा नाही. एक ठोका लवकर, एक उशिरा, एक मोठा, एक नुसता चाटून गेलेला. गोळी तिचा वेग कमी करत होती, लय नाही सुधारत. ती सुधारणारही नव्हती. अठरा वर्षांत ती वाकडी नाडी यज्ञेश्वरच्या बोटांना घरच्या माणसासारखी ओळखीची झाली होती.

यंदा लग्नसराईत छगनचा फोन आला. "काका, आईचे पाय सुजल्यात. चाललं की धाप लागतीया."

"पापड, लोणचं, लग्नातली आमटी, खारट काय काय झालं?"

"आता लग्नात काय म्हनावं तिला..."

त्या वेळी दवाखान्यात पंचवीस माणसं होती, एक पोरगं ओकत होतं, आणि मॅडम आत एका म्हातारीला तपासत होती. यज्ञेश्वर म्हणाला, "पाण्याची गोळी एकाच्या जागी दोन द्या आठ दिवस. मग फोन करा." फोन ठेवला आणि ओकणाऱ्या पोराकडे वळला. वहीत लिहायचं राहिलं. पोटॅशियमचं औषध चालू आहे का, हेही विचारायचं राहिलं.

आठ दिवसांनी फोन आला नाही. आणि त्याच्याही लक्षात राहिलं नाही.

तेराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, छगनचा फोन आला. आवाज तसा निवांत होता. "काका, आईला कावीळ झालीया. पथ्य काय करायचं तेवढं सांगा."

"कुणी सांगितलं कावीळ?"

"कोन कशाला सांगंल? तिला समदं पिवळं दिसाया लागलं. काविळीच्या मानसाला जग पिवळं दिसतं, ते काय खोटं हाय का? परवा औषध देनाऱ्याकडं नेलं. त्यानं मुळी उगाळून पाजली. लई उलट्या झाल्या, जुलाब झाले. त्यो म्हनला, पित्त पडतंय, बरं हाय."

यज्ञेश्वरने खुर्चीचा हात धरला. म्हणी माणसाला शहाणं करतात असं म्हणतात, पण कधीकधी त्या माणसाचा जीव घ्यायलाही कमी करत नाहीत. "छगन, नीट ऐक. तिचे डोळे पिवळे झालेत, का तिला पिवळं दिसतंय?"

"डोळे चांगले पांढरे हायेत. तिलाच दिसतंय. भाकरी पिवळी, दूध पिवळं. रातच्याला दिव्याभवती कडं दिसतं म्हनती."

"जेवण?"

"आठ दिवसांपासनं अन्नावरची वासनाच गेली."

"तिला आत्ताच्या आत्ता घेऊन ये. हृदयाची गोळी आजपासून बंद. दुसऱ्या गोळ्याही देऊ नको, सगळ्या पिशवीत घालून आण."

"पर त्यो म्हनला तीन दिवस डाक्टरचं औषध..."

"छगन्या, गाडी काढ!" यज्ञेश्वर इतक्या मोठ्याने ओरडला की नंबर लावून बसलेली माणसं गप्प झाली.

मॅडमला त्याने सांगितलं, पेशंटला सगळं पिवळं दिसतंय, दिव्याभोवती कडं दिसतंय, म्हणजे डिगॉक्सिन बाधलंय. मॅडमने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि आतली खाट मोकळी करायला लावली. पाण्याच्या गोळीचं तो काहीच बोलला नाही. आधी पेशंट तर येऊ दे, असं त्याने स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला जे सांगतो ते नेहमीच फार समजूतदारपणाचं असतं.

पाऊण तासाने छगन टेम्पोतून आईला घेऊन आला. बनुबाईचे ओठ सुकले होते, डोळे खोल गेले होते. ती यज्ञेश्वरकडे बघून म्हणाली, "पाठकभाऊ, तुमचा सदरा पिवळा कशापायी?" सदरा पांढरा होता. यज्ञेश्वरने तिचं मनगट धरलं.

एक. दोन. तीन. चार. मधलं अंतर सारखं, ठोका सारखा, अगदी घड्याळासारखा. मिनिटाला बेचाळीस.

"नाडी सरळ लागतीया ना काका?" छगन मागून म्हणाला. "त्यो औषधवाला बी म्हनला, नाडी ताळ्यावर आली."

ज्या नाडीला अठरा वर्षांत ताल सापडला नाही तिला तो एकाएकी कुठून सापडेल? मोठे डॉक्टर सांगायचे, डिगॉक्सिन घेणाऱ्या अशा पेशंटची नाडी सरळ झाली तर पेढे वाटू नका, धावा. वरच्या कप्प्याची थरथर काही थांबलेली नसते. पण तिथून खाली येणारी वाट गोळीने पुरती अडवलेली असते. वरचा एकही इशारा खाली पोचत नाही, म्हणून मधलाच एक भाग आपल्या परीने, सावकाश, ठोके देत राहतो. तोही दमला की संपलं.

ईसीजीच्या पट्टीवर तेच उमटलं. मंद, सरळ रांग, आणि मधे मधे एक रुंद, वेडावाकडा ठोका, खालच्या कप्प्याने आपणहून मारलेला. मॅडमने पट्टी हातात घेतली आणि ओठ घट्ट मिटले. मॉनिटर लावला, नाडी वाढवायचं इंजेक्शन दिलं, नगरच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. यज्ञेश्वरने रक्त काढलं. शिरा सुकून दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. बारीक सुईतून रक्त येईना म्हणून त्याने दट्ट्या जोरात ओढला आणि नळीत पिचकारी मारल्यासारखं सोडलं. नळी समोरच्या लॅबमध्ये सुनीलकडे गेली.

रिपोर्टला अर्धा-पाऊण तास होता. छगन दाराशी उकिडवा बसला. "काका, एक सांगा. हृदयाचीच गोळी. तीच हृदयाला कशी बाधती?"

हे सांगायला यज्ञेश्वरला नेहमी आवडायचं. आजही तो सांगू लागला. "हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत बारीक बारीक पंप असतात. ते आतलं सोडियम बाहेर टाकतात आणि बाहेरचं पोटॅशियम आत घेतात. ही गोळी त्यातले थोडे पंप अडवते. मग आत सोडियम साठतं, त्याच्यामुळे कॅल्शियम बाहेर पडायचं कमी होतं. आणि कॅल्शियम आत राहिलं की हृदय जोरात आवळतं. दमलेल्या हृदयाला तेवढा जोर मिळतो. शिवाय मेंदूकडून हृदयाला लगाम घालणारी जी नस आहे, तिला ही गोळी बळ देते, म्हणून वरून खाली येणाऱ्या इशाऱ्यांची गर्दी कमी होते, नाडी हळू होते."

"मग चांगलंच की."

"थोडे पंप अडले तर चांगलं. जास्त अडले की कॅल्शियम नको तितकं साठतं, मग हृदय नको तिथे ठोके मारतं, आणि वाट अडते ती अडतेच. आता, ही गोळी पंपावर जिथे बसते ना, तिथेच पोटॅशियमलाही बसायचं असतं. पंगतीत एकच पाट आणि बसणारे दोघे. पोटॅशियम भरपूर असलं तर गोळीला बेताने जागा मिळते. पोटॅशियम कमी झालं की गोळी ऐसपैस बसते. गोळी तेवढीच, पण बाधा दुप्पट."

"आन् पोटॅशियम कमी कशानं हुतं?"

"उलट्या, जुलाब. आठ दिवस पोटात धड अन्न नाही." यज्ञेश्वर थांबला. तिसरं कारण तोंडात येऊन अडलं. छगन वाट बघत होता. "ते पातळ औषध घेते का ती? पोटॅशियमचं?"

"ते व्हय? तोंड आंबतं म्हनून कवाच सोडलं. दोन महिने झालं असंल."

यज्ञेश्वर उठून उगाचच सलाइनच्या बाटल्या मोजायला गेला. बनुबाईच्या लघवीवाटे दोन महिने पोटॅशियम जात होतं, आणि त्यावर तेरा दिवस त्याने सांगितलेली दुप्पट गोळी. अन्नावरची वासना गेली ती मुळी पाजायच्या आधी, हे छगन फोनवर म्हणाला होता. म्हणजे मुळीने फक्त कड्यावरून ढकललं. कड्यापर्यंत कुणी आणलं, हे यज्ञेश्वरला कुणी सांगायची गरज नव्हती.

रिपोर्ट आला. किडनीचा आकडा वाढलेला. पोटॅशियम चार पूर्णांक तीन. म्हणजे अगदी ठाकठीक.

मॅडम म्हणाली, "बरं झालं. किडनी मंदावलीये, म्हणून डिगॉक्सिन साठलं, ते लघवीतूनच जातं ना. पोटॅशियम लावायला नको. वाट आधीच बंद आहे, उगाच जास्त पोटॅशियम गेलं तर हृदय आणखी मंदावेल, थांबेलसुद्धा. काका, पाण्याची गोळी एकच होती ना? केसपेपरवर एकच आहे."

यज्ञेश्वरला एक क्षण इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. पोटॅशियम ठाकठीक! म्हणजे पाण्याच्या गोळीचा काही संबंधच नाही. किडनीचा दोष, मुळीचा दोष. छगनला ती दुप्पट गोळी डॉक्टरांनीच सांगितली असं वाटत होतं, तो काही बोलणार नव्हता. वहीत काही नव्हतं. केसपेपरवर एक लिहिलेलं होतं. "हो" एवढं एक अक्षर म्हटलं की छत्तीस वर्षांचं नाव शाबूत राहत होतं.

पण रिपोर्ट त्याच्याच हातात होता, आणि खाली सुनीलने बारीक अक्षरात लिहिलं होतं की नमुन्यात रक्तपेशी फुटलेल्या दिसतात. फुटणारच. ती पिचकारी त्यानेच मारली होती. आणि पेशी फुटल्या की त्यांच्या आतलं पोटॅशियम नळीत सांडतं, मग आकडा फुगून येतो. बनुबाईच्या अंगात चार पूर्णांक तीन नव्हतं. ते त्याच्या घाईने नळीत आलं होतं.

मॉनिटरवर एक रुंद ठोका आला. लगेच दुसरा. बनुबाईने डोळे मिटले होते.

"मॅडम," यज्ञेश्वर म्हणाला. "हा रिपोर्ट खोटा आहे. रक्त मी वाईट काढलंय, पेशी फुटल्यात. आणि पाण्याची गोळी एक नाही, दोन चालू आहेत. तेरा दिवस. मीच फोनवर सांगितलं. तुम्हाला विचारलं नाही. वहीत लिहिलं नाही. पोटॅशियमचं औषध तिने दोन महिन्यांपासून सोडलंय, तेही मी विचारलं नव्हतं."

मॅडमने स्वतः मांडीतल्या शिरेतून हळुवार रक्त काढलं आणि सुनीलला फोन करून सांगितलं, बाकी सगळं बाजूला ठेव, हे आधी लाव. पंधरा मिनिटांनी आकडा आला. दोन पूर्णांक चार. साडेतीन तरी हवं होतं.

मग पोटॅशियमची सलाइन लागली. मोजून, सावकाश, थेंबाथेंबाने, कारण बाटली घाईत सोडली तर औषधाचंच विष होतं. जोडीला मॅग्नेशियम. मॅडम दोन तास मॉनिटरसमोरून हलली नाही. डिगॉक्सिनवर उताऱ्याचं इंजेक्शन जगात आहे, पण नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ते आपल्याकडे मिळत नाही. गोळी अंगातून जाईपर्यंत पेशंटला सांभाळणं एवढंच हातात. दुपारी चारला रुंद ठोके तुरळक झाले, आणि बनुबाईला अँब्युलन्समधून नगरला हलवलं. रक्तातलं डिगॉक्सिन मोजायला गेलेल्या नमुन्याचा आकडा दुसऱ्या दिवशी आला. एकच्या आत हवं ते तीनच्या वर होतं.

छगन सगळं ऐकत होता. अँब्युलन्समध्ये चढताना तो यज्ञेश्वरपाशी थांबला. "काका, तुमी सांगितलं म्हनून मी दिल्या. एक बी दिवस चुकवला न्हाई." एवढंच म्हणाला. यज्ञेश्वरला वाटलं, याने दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एखाद्याने आपलं ऐकलं याचंही इतकं दुःख होऊ शकतं, हे त्याला बासष्टाव्या वर्षी कळलं.

संध्याकाळी मॅडमने त्याला आत बोलावलं. तो उभाच राहिला. ती म्हणाली, "बसा, काका. तुम्ही बोलला नसता तर मी पोटॅशियम लावलं नसतं." मग जरा थांबून म्हणाली, "पण पेशंटचे फोन उद्यापासून तुमच्याकडे नकोत." तो मान हलवून बाहेर आला. घरी इंदूने विचारलं, आज चेहरा असा का, तर म्हणाला, दमलोय. खोटं नव्हतं ते.

बनुबाई नऊ दिवसांनी नगरहून सुटली आणि तिथून घरी जाताना दवाखान्यात आली. नवा कागद होता. पाण्याची गोळी एक, पोटॅशियमची या वेळी गोळी, आणि डिगॉक्सिन तूर्त बंद, किडनी आणि पोटॅशियमचे आकडे बघून पुढचं ठरेल. छगन फाटकापाशी टेम्पोतच बसून राहिला, आत आला नाही. सून पूजा बनुबाईला धरून घेऊन आली. पूजाने कागद यज्ञेश्वरपुढे धरला नाही, पदराआड धरला. तेही त्याला दिसलं.

बनुबाई मात्र सरळ त्याच्या टेबलापाशी येऊन बसली. "छगन्या लई चिडलाय तुमच्यावर. मला समदं सांगितलं त्यानं," ती म्हणाली. "जाऊ द्या. आता मला सांगा पाठकभाऊ, पान्याची गोळी किती घ्यायची?"

कागद न बघताही यज्ञेश्वरला उत्तर माहीत होतं. एक, सकाळी, नाश्त्यानंतर. छत्तीस वर्षांत हे वाक्य त्याने हजारो वेळा म्हटलं असेल. ते ओठावर आलंही.

"मला नाही माहीत, बनूताई," तो म्हणाला. "आत जाऊन मॅडमला विचारा."

बनुबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आला नव्हता. ती घाबरली होती, आणि तेच त्याला बघवेना. "तुमाला ठावं न्हाई," ती हळूच म्हणाली, "मग मी आजवर कुनाच्या जिवावर घेत हुते?"

पूजाने तिला उठवलं आणि आत नेलं. यज्ञेश्वरने नंबरांच्या यादीतल्या पुढच्या नावावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. बाकावरची माणसं आपलं नाव ऐकायला थांबली होती.